वीस दिवसांनीच येणारी पाळी: दोष गर्भपिशवीचा की बीजकोशाचा?

प्रश्न: माझं वय ४२, दोन मुलं. आधी पाळी २८ दिवसांनी अगदी वेळेवर यायची. आता मे महिन्यापासून लवकर येतेय. तारखा अशा: २९ मे, १८ जून, ७ जुलै, २७ जुलै, १५ ऑगस्ट. जुलैमध्ये तर दोनदा आली. चार दिवस जातं, दिवसाला तीन-चार पॅड, गाठी नाहीत. पण फार थकायला होतं. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता वाढलीय. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ निघाली आणि एका ठिकाणी सांगितलं की मुलं झालीत, पिशवी काढून टाका. खरंच काढावी लागेल का?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून पिशवी काढण्याचं कारण मला दिसत नाही. तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात हे फार चांगलं झालं. बहुतेक जणी ‘महिन्यातून दोनदा येते’ एवढंच सांगतात, आणि तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आधी त्या तारखा मोजू. अंतर मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपल्यापासून मोजलं की चार-पाच दिवस कमी भरतात आणि उगाच घाबरायला होतं. तुमची अंतरं येतात २०, १९, २० आणि १९ दिवस. म्हणजे जुलै महिना काही वेगळा नव्हता. ७ तारखेला आलेली पाळी २० दिवसांनी त्याच महिन्यात बसली, इतकंच. २८ दिवसांचं चक्र असलेल्या बाईलाही १ आणि २९ तारखेला, एकाच महिन्यात दोनदा पाळी येऊ शकते, आणि ती पूर्ण नॉर्मल असते. साधारण २४ ते ३८ दिवसांचं अंतर आम्ही नॉर्मल धरतो. २१ दिवसांच्या आत पाळी सलग दोन-तीनदा आली तर कारण शोधायचं. तुमची चार वेळा आलीय, तेव्हा शोधायलाच हवं.

आता या तारखांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुमची पाळी लवकर येतेय, पण नेमाने येतेय. दर वेळी १९-२० दिवस आणि दर वेळी चार दिवसांचाच स्राव. याउलट कुणाची पाळी २८ दिवसांनीच येते, पण मध्ये कधीही दोन दिवस लाल डाग दिसतात, कधी संबंधानंतर दिसतात, कधी पाळी संपून आठवडाभराने पुन्हा सुरू होतं. त्याही बायका ‘महिन्यातून दोनदा’ असंच म्हणतात, पण हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पाळी कधी यायची हे ठरवणारं घड्याळ बीजकोशात असतं. गर्भपिशवी त्या घड्याळाप्रमाणे फक्त अस्तर तयार करते आणि टाकून देते. म्हणून अंतर नेमाने कमी झालं असेल तर आधी बीजकोशाकडे आणि त्याला हुकूम देणाऱ्या हार्मोन्सकडे बघायचं. मध्येच कधीतरी रक्त जात असेल तर गर्भपिशवी, तिचं अस्तर आणि गर्भाशयाचं मुख तपासायचं.

बीजकोशात काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण चाळिशीच्या आसपास पाळी लवकर येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तिथंच आहे. चक्राचे दोन भाग असतात. पहिल्यात बीज वाढतं आणि फुटतं. दुसऱ्यात, बीज फुटल्यावर उरलेली ग्रंथी प्रोजेस्टेरॉन बनवते. ती सुकली की अस्तर सुटतं आणि पाळी येते. हा दुसरा भाग बहुतेकींमध्ये बारा ते चौदा दिवसांचा असतो आणि फारसा बदलत नाही. बदलतो तो पहिला भाग. पस्तिशी-चाळिशीनंतर बीजकोशातली बीजं कमी होत जातात, म्हणून मेंदूकडून येणारं एफएसएच हे हार्मोन वाढतं. त्यामुळे पुढचं बीज पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांतच वाढायला लागतं. रक्तस्राव सुरू होतो तेव्हा ते बऱ्यापैकी मोठं झालेलं असतं आणि चौदाव्या दिवसाऐवजी सातव्या-आठव्या दिवशीच फुटतं. सात अधिक बारा, एकोणीस. तुमचा आकडा नेमका हाच आहे.

हा रजोनिवृत्तीच्या वाटेवरचा पहिला टप्पा असतो. आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, त्यामुळे ४२ व्या वर्षी हे सुरू होणं वेळेच्या आधी नाही. या टप्प्यात पाळी आधी जवळ जवळ येते. मग काही महिने कधी २० तर कधी ४५ दिवसांनी येते आणि शेवटी लांबत लांबत थांबते. ‘पाळी जायची वेळ आली की ती लांबते’ असं बऱ्याच जणींना वाटतं. म्हणून लवकर आली की त्यांना काहीतरी भयंकर झाल्याची भीती वाटते.

या लवकर फुटणाऱ्या बीजाचा एक परिणाम कुणी सांगत नाही, तो सांगते. पाळी संपल्यावरचे दिवस सुरक्षित, असा आपल्याकडे पक्का समज आहे. २८ दिवसांच्या चक्रात तो अंदाज थोडाफार तरी चालून जातो, पण तुमच्या चक्रात पाचव्या-सहाव्या दिवशी संबंध आला तर गर्भ राहू शकतो. चाळिशीनंतर नको असलेली गर्भधारणा घेऊन येणाऱ्या बायका मी नेहमी बघते, आणि ‘पाळी संपल्या संपल्याच तर होतं’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य असतं. शस्त्रक्रिया झालेली नसेल तर गर्भनिरोधक वापरायलाच हवं. उलट बाजूने, मूल हवं असलेल्या आणि वीस दिवसांचं चक्र असलेल्या मुली बाराव्या दिवसापासून प्रयत्न सुरू करतात, तेव्हा त्यांचं बीज फुटून गेलेलं असतं. ‘एकविसाव्या दिवशीची’ प्रोजेस्टेरॉनची तपासणीही अशा वेळी निरुपयोगी ठरते, कारण तोवर पुढची पाळी आलेली असते. ही तपासणी पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या साधारण सात दिवस आधी करायची. तुमच्या चक्रात तो बारावा दिवस. तुम्हाला मात्र तिची गरज नाही.

तुमचं वय आणि तारखा बघता मला हेच कारण वाटतं. पण बाईला न तपासता ‘वयाने होतंय’ म्हणून घरी पाठवणंही बरोबर नाही. दुसऱ्या काही गोष्टी अगदी अशाच दिसतात.

पहिली थायरॉइड. तो कमी काम करत असेल तर पाळी लवकर येते आणि जास्तही जाते. थकवा, वजन वाढणं, केस गळणं ही लक्षणं बायका घरकामावर ढकलतात. टीएसएच ही एक साधी रक्ततपासणी आहे आणि तुमच्या यादीत ती हवीच. थायरॉइड निघाला तर त्याच्या गोळीनेच पाळी काही महिन्यांत रुळावर येते, वेगळं हार्मोन लागत नाही.

दुसरी गोष्ट गर्भधारणा. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण पाळी येण्याच्या वयात अवेळी रक्त गेलं की मी आधी लघवीची तपासणी करते. गर्भ नळीत राहिला असेल तर थोडंथोडं रक्त जातं आणि बाई त्याला लवकर आलेली पाळी समजते. तुमच्या चार पाळ्या सारख्या आल्यात म्हणून ही शक्यता कमी आहे, पण तपासणी पाच मिनिटांची आहे.

तिसरं कारण औषधांचं, आणि ते बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गौरी-गणपती, लग्नकार्य, सत्यनारायण यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. त्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव येतो. चुकीच्या दिवशी सुरू केल्या किंवा मध्येच एखादी विसरली तर ऐन सणातच डाग सुरू होतात, आणि मग पुढच्या एक-दोन महिन्यांच्या तारखांवरून काहीच कळत नाही. संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायच्या गोळीचंही तसंच. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आईसोबत आली होती, तक्रार ‘महिन्यातून दोनदा’. पाळी २ तारखेला आलेली आणि १७ तारखेला पुन्हा. आई बाहेर गेल्यावर तिने सांगितलं की १० तारखेला ती गोळी घेतली होती. सतरा तारखेचा स्राव त्या गोळीचा होता. सोनोग्राफी, रक्ततपासण्या सगळं करून झालं होतं, पण हा एक प्रश्न तिला एकटीला कुणी विचारलाच नव्हता. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन घेतल्यावरही अवेळी डाग दिसतात. तुम्ही यातलं काही वापरत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

वयात आलेल्या मुलींचं थोडक्यात. पहिली दोन वर्षं घड्याळ लागलेलंच नसतं, बीज दर महिन्याला फुटत नाही, म्हणून कधी पंधरा दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी पाळी येते. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर थांबून बघायचं. पण पहिल्याच पाळीपासून भरपूर जात असेल, नाकातून रक्त येत असेल, अंगावर सहज निळे डाग उठत असतील, तर रक्त गोठण्याचा दोष तपासायला हवा.

उष्णतेबद्दल सासूबाईंना एवढंच सांगा की पपई, तीळ, आंबा किंवा चहा यांनी बीज लवकर फुटत नाही. पाळीच्या भीतीने तीळ-गूळ, खजूर बंद करू नका. थकव्यात त्यांचा थोडा तरी उपयोगच आहे.

आता त्या दोन सेंटिमीटरच्या गाठीकडे येते, कारण तुमच्या बाबतीत खरा धोका तिच्यापासून नाही, तिच्यावरून घेतल्या जाणाऱ्या निर्णयापासून आहे. चाळिशीतल्या बायकांची सोनोग्राफी केली तर कितीतरी जणींना अशी छोटी फायब्रॉइडची गाठ निघते. गर्भाशयाच्या भिंतीतली किंवा बाहेरच्या बाजूची दोन सेंटिमीटरची गाठ पाळी लवकर आणत नाही. आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी त्रास देते, पण ती रक्तस्राव वाढवते, लांबवते, मध्ये डाग आणते. १९-२० दिवसांचं नेमाचं अंतर ती करत नाही. तुमच्या रिपोर्टात गाठ कुठे आहे ते वाचा. ‘इंट्राम्यूरल’ म्हणजे भिंतीत, ‘सबसेरोसल’ म्हणजे बाहेर, ‘सबम्यूकोसल’ म्हणजे आत पोकळीकडे. पहिल्या दोन असतील आणि पोट दुखत नसेल, स्राव वाढलेला नसेल, तर सहा महिने-वर्षाने पुन्हा मोजायची, बस.

गर्भपिशवी काढल्याने रक्त थांबतं हे खरं, पण कारण तिथं नव्हतंच. घड्याळ बीजकोशात आहे आणि तिथला बदल चालूच राहतो. बीजकोश जागेवर ठेवले तरी पिशवी काढल्यानंतर रजोनिवृत्ती काही वर्षं लवकर येऊ शकते. बीजकोशही काढले तर ती त्याच दिवशी येते, आणि हाडं ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जाणं, पाळी मागेपुढे होणं अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर तरुण बायकांचं ऑपरेशन झालं होतं. त्यातल्या कितीतरी जणींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. तुम्हालाही कुणी तसं म्हणालं असेल, तर कुठल्या तपासणीवरून म्हणताय हे विचारा. सोनोग्राफीवरून कॅन्सरचं निदान होत नाही, त्यासाठी अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

तो तुकडा कधी काढायचा? चाळिशीनंतर स्राव अनियमित, जास्त किंवा मध्ये मध्ये होत असेल, वजन बरंच असेल, मधुमेह किंवा पूर्वीपासून पीसीओएस असेल, किंवा सोनोग्राफीत अस्तर जाड दिसत असेल तर. बारीक नळीने ओपीडीत होतो, पाळीत दुखतं तसं काही मिनिटं दुखतं, भूल लागत नाही. तुमच्या नेमाच्या, मोजक्या स्रावात पहिल्याच भेटीत त्याची गरज पडेल असं नाही, पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी सुचवला तर टाळू नका. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मात्र, पॅप किंवा एचपीव्ही, या निमित्ताने करूनच घ्या. आणि संबंधानंतर रक्त दिसत असेल तर ती आधी.

थकव्याचा हिशेब सोपा आहे, पण तो कुणी मांडत नाही. २८ दिवसांनी पाळी आली तर वर्षाला तेरा होतात, १९-२० दिवसांनी आली तर अठरा-एकोणीस. एका साध्या पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जातं आणि प्रत्येक मिलिलिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे प्रत्येक पाळी नॉर्मल असूनही वर्षाला शंभरेक मिलिग्रॅम लोह जादा जातं. जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं, त्यात उपवास आणि जेवणावर लगेच चहा. हळूहळू साठा रिकामा होतो. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, दोन्ही करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि थकवा तिथूनच सुरू होतो. लोहाची गोळी रोज किंवा एक दिवसाआड एक, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने चालू ठेवायची. बहुतेक जणी ती महिनाभरात बंद करतात आणि वर्षाने पुन्हा तिथेच येतात.

पाळीवर औषध हवं का? तपासण्या नीट असतील आणि हिमोग्लोबिन सांभाळता येत असेल, तर फक्त लवकर येते म्हणून औषध घेण्याची सक्ती नाही. त्रासच होत असेल तर प्रोजेस्टेरॉन गटातली गोळी देता येते, उदाहरणार्थ डायड्रोजेस्टेरॉन चक्राच्या अकराव्या ते पंचविसाव्या दिवसापर्यंत. ती बंद केल्यावर पाळी येते, म्हणजे अंतर पुन्हा २८ च्या आसपास जातं. ही गर्भनिरोधक नाही, हे लक्षात ठेवा. तुम्हाला गर्भनिरोधकही हवं असेल आणि पुढे स्राव वाढला, तर हार्मोनची तांबी हा फार चांगला पर्याय आहे. ती अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे बीजकोश लवकर काम करत असला तरी जाण्यासारखं फारसं काही उरत नाही. सुरुवातीचे तीन-चार महिने डाग पडतात हे आधी माहीत असलं की बायका ती घाईने काढून टाकत नाहीत. एकत्रित हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र या वयात रक्तदाब, अर्धशिशी, धूम्रपान, पायात गुठळी झाल्याचा इतिहास, हे सगळं विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका.

थांबून बघायचं नाही अशा काही वेळा आहेत. तासाला एक पॅड भिजून दोन-तीन तास तसंच चाललं, उभं राहिल्यावर चक्कर येऊन अंधारी आली, किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखतंय आणि गर्भधारणेची तपासणी होकारार्थी आहे, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, हॉस्पिटल गाठा. आणि वर्षभर पाळी बंद राहून नंतर एकच डाग जरी दिसला, तरी त्याला ‘पुन्हा आली’ म्हणू नका, त्या आठवड्यातच तपासून घ्या.

तुमची पुढची पाळी ३-४ सप्टेंबरच्या सुमारास यावी. आली तर पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे ७ ते ९ तारखेच्या दरम्यान सोनोग्राफी पुन्हा करा, शक्यतो योनीमार्गातून. तेव्हा अस्तर सगळ्यात पातळ असतं, गाठ पोकळीकडे आहे की भिंतीत हे स्पष्ट दिसतं. आधीची सोनोग्राफी पाळी यायच्या तोंडावर झाली असेल तर ‘अस्तर जाड’ असा शेरा निव्वळ त्या दिवसामुळेही आलेला असतो. टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन त्याच्या आधी कधीही करा, उपाशी राहायची गरज नाही. हे रिपोर्ट आणि तारखांचा कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, ज्यांनी पिशवी काढायला सांगितलं त्यांच्याकडेच परत जायला हवं असं नाही. १२ सप्टेंबरपर्यंत पाळी आलीच नाही, तर चक्र लांबलं असेल असं धरून बसू नका, आधी लघवीची तपासणी करा.